घरभाडे भत्त्याचा वर्ग ठरवणारी लोकसंख्या कोणती?

जळगाव शहर घरभाडे भत्त्यासाठी आजही ‘झेड’ वर्गात आहे आणि सांगली ‘वाय’ वर्गात. दोन्ही ठिकाणी केंद्र शासनाच्या एकाच स्तरावरचा, एकाच मूळ वेतनाचा कर्मचारी काम करत असेल, तर जळगावच्या कर्मचाऱ्याला सांगलीच्या कर्मचाऱ्यापेक्षा बरोबर निम्मा घरभाडे भत्ता मिळतो. हा फरक दोन शहरांतील घरभाड्यांची चौकशी करून ठरलेला नाही. २०११च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५,०२,७९३ नोंदली गेली आणि जळगाव महापालिकेची ४,६०,२२८. उंबरठा पाच लाखांचा आहे. सांगली तो जेमतेम ओलांडून गेली, जळगाव अलीकडे राहिले, आणि तेव्हापासून हा निकाल बदललेला नाही.

लोकसंख्या हा निकष मुळातच चुकीचा आहे, असे माझे म्हणणे नाही. तो टिकवावा असेच मला वाटते आणि त्याची कारणे पुढे देतो. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे: लोकसंख्या कोणत्या वर्षीची धरायची आणि कोणत्या हद्दीतील धरायची. वर्गीकरणाच्या चर्चेत हे दोन्ही प्रश्न तांत्रिक म्हणून बाजूला ठेवले जातात. प्रत्यक्षात कर्मचाऱ्याच्या हातात किती रक्कम पडणार, हे त्यांच्या उत्तरांवरच ठरते.

सध्याची पद्धत सहाव्या वेतन आयोगानंतर, १ सप्टेंबर २००८ पासून लागू झाली. त्याआधी ए-१, ए, बी-१, बी-२ आणि सी असे वर्ग होते. त्यांच्या जागी तीनच वर्ग आले. पन्नास लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे ‘एक्स’, पाच लाखांपासून पन्नास लाखांपर्यंतची ‘वाय’ आणि बाकीची सगळी ठिकाणे ‘झेड’. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून या वर्गांचे दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ आणि ८ टक्के झाले. महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या वर गेल्यावर ते २७, १८ आणि ९ टक्के झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर ३०, २० आणि १० टक्के झाले. महाराष्ट्र शासनानेही हीच तीन वर्गांची पद्धत स्वीकारलेली असल्याने तहसील कार्यालयातील लिपिकापासून अनुदानित शाळेतील शिक्षकापर्यंत सगळ्यांचा भत्ता याच पायऱ्यांवर मोजला जातो.

पायरीची उंची किती आहे ते एका उदाहरणाने पाहू. केंद्राच्या वेतनश्रेणीत सहाव्या स्तराची सुरुवात ३५,४०० रुपये मूळ वेतनाने होते. सध्याच्या दराने या कर्मचाऱ्याला पुण्यात १०,६२० रुपये, सांगलीत ७,०८० रुपये आणि जळगावात ३,५४० रुपये घरभाडे भत्ता मिळतो. त्याची सांगलीहून जळगावला बदली झाली, तर वेतनपत्रकातून महिन्याला ३,५४० आणि वर्षाला ४२,४८० रुपये कमी होतात. जळगावात दोन खोल्यांच्या घराचे भाडे सांगलीच्या निम्मे असेल, असे दोन्ही शहरे पाहिलेला कोणीही म्हणणार नाही. ४,९९,९९९ आणि ५,००,००० या दोन आकड्यांमध्ये एका माणसाचा फरक आहे, पण भत्त्यात दुपटीचा. ज्या आकड्यावर एवढे अवलंबून आहे, तो आकडा ताजा आणि सुसंगत असावा ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता पहिला प्रश्न, आकडा कोणत्या वर्षीचा. २०११च्या जनगणनेवर आधारित फेरवर्गीकरणाचा आदेश जुलै २०१५ मध्ये निघाला आणि तो १ एप्रिल २०१४ पासून लागू धरला गेला. त्याच आदेशाने पुणे आणि अहमदाबाद ‘वाय’मधून ‘एक्स’मध्ये गेले, तर महाराष्ट्रातील वसई-विरार, मालेगाव, नांदेड-वाघाळा आणि सांगली ‘झेड’मधून ‘वाय’मध्ये आली. त्याआधी २००१च्या जनगणनेवरचे फेरवर्गीकरण एप्रिल २००४ पासून लागू झाले होते. म्हणजे मोजणीनंतर सुमारे तीन वर्षांनी नवा वर्ग लागू करायचा, असा पायंडा पडलेला दिसतो. या तीन वर्षांत शहर मोठे झालेले असते, मोजलेलेही असते, पण भत्ता मात्र मागच्या दशकातील लोकसंख्येप्रमाणे दिला जातो.

जनगणना वेळेवर होत होती तोवर हा उशीर सहन करण्याजोगा होता. २०२१ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली गेली आणि नंतरही वर्षानुवर्षे झाली नाही. जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला. जुना पायंडा तसाच चालला, तर नव्या आकड्यांवरचे वर्ग २०३०च्या आसपास लागू होतील. म्हणजे १ मार्च २०११च्या लोकसंख्येवर सुमारे सोळा वर्षे भत्ता दिला गेलेला असेल. ज्या कर्मचाऱ्याने २०१२ मध्ये नोकरी धरली, त्याचा सेवेचा निम्मा काळ एकाच मोजणीखाली जाईल.

या काळात काय बदलले असेल याचा अंदाज जळगावच्याच आकड्यांवरून करता येतो. २००१ मध्ये जळगावची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६८ हजार होती आणि २०११ मध्ये ४ लाख ६० हजार. दहा वर्षांत सुमारे ९२ हजारांची, म्हणजे २५ टक्क्यांची वाढ झाली. पाच लाखांना फक्त ४० हजार कमी होते. वाढीचा वेग तोच राहिला असेल, तर जळगावने २०१५च्या सुमारास, म्हणजे फेरवर्गीकरणाचा आदेश निघाला त्याच वर्षी, उंबरठा ओलांडला असणार. वेग निम्म्यावर आला असे मानले, तरी ते दशक संपण्याच्या आत जळगाव पाच लाखांच्या पुढे गेलेले निघते. हे मोजणीचे आकडे नाहीत, साधे गणित आहे, आणि प्रत्यक्ष मोजणीत वेगळे काही दिसू शकते. पण जे शहर उंबरठ्यापासून चार-पाच वर्षांच्या वाढीवर उभे होते, त्याला पंधरा वर्षे अलीकडेच मानून चालायचे, हे सुद्धा एक गृहीतकच आहे आणि दोन्ही गृहीतकांपैकी तेच अधिक असंभाव्य आहे.

वरच्या उंबरठ्यावर सुरतेची अवस्था हीच आहे. २०११ मध्ये सुरत नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ४६ लाख होती आणि २००१ मध्ये २८ लाख. दशकातील वाढ ६३ टक्क्यांच्या घरात होती. पन्नास लाखांना चार लाख कमी असलेले आणि त्या वेगाने वाढणारे हे शहर अजूनही ‘वाय’ वर्गात आहे.

दुसरा प्रश्न हद्दीचा आहे आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. वर्गीकरणाच्या यादीत काही शहरांपुढे ‘महापालिका’ असे लिहिलेले असते, तर काहींपुढे ‘नागरी समूह’. महाराष्ट्रापुरते पाहिले तर पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, मालेगाव, सांगली ही नागरी समूह म्हणून नोंदली आहेत, तर अमरावती, सोलापूर, नांदेड-वाघाळा आणि वसई-विरार ही महापालिका म्हणून. नागरी समूह ही जनगणनेची संज्ञा आहे. मूळ शहर, त्याला लागून असलेली दुसरी शहरे, छावणी क्षेत्रे आणि हद्दीबाहेर पसरलेली पण शहराशी सलग असलेली वस्ती मिळून एक नागरी समूह होतो. भत्त्यासाठी जिथे असा समूह जाहीर झालेला आहे तिथे संपूर्ण समूहाची लोकसंख्या धरतात, आणि समूहातील प्रत्येक ठिकाणाला मूळ शहराचा वर्ग मिळतो.

याचा परिणाम किती निर्णायक असतो ते पुण्यावरून कळते. पुणे ‘एक्स’ वर्गात गेले ते पुणे शहर पन्नास लाखांचे झाले म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. २०११ मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख २४ हजार होती आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची सुमारे १७ लाख २८ हजार. दोन्ही महापालिकांची बेरीज साडेअठ्ठेचाळीस लाख होते, म्हणजे उंबरठ्याच्या खालीच. त्यात पुणे, खडकी आणि देहूरोड या तीन छावण्यांची मिळून सुमारे १ लाख ९३ हजार लोकसंख्या धरली तेव्हा बेरीज पन्नास लाखांच्या पुढे सरकली आणि समूहाची एकूण लोकसंख्या सुमारे साडेपन्नास लाख भरली. पुण्याच्या ‘एक्स’ वर्गाला तीन छावणी मंडळांच्या लोकसंख्येचा आधार आहे. ती सलग वस्ती म्हणून समूहात धरली गेली हे योग्यच झाले. लष्कर भागातील भाडेकरू आणि पेठेतील भाडेकरू एकाच घरबाजारात घर शोधतात. पण हद्द कशी आखली यावर दहा टक्के मूळ वेतन अवलंबून होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

मालेगावचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. २०११ मध्ये मालेगाव महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ८१ हजार होती. नुसती महापालिका धरली असती, तर मालेगाव जळगावसारखेच ‘झेड’मध्ये राहिले असते. नागरी समूह म्हणून मोजल्यावर ती सुमारे ५ लाख ७६ हजार झाली आणि शहर ‘वाय’मध्ये गेले. मालेगाव महापालिका आणि जळगाव महापालिका यांच्यात फरक होता वीस-एकवीस हजारांचा. एकीच्या भोवतालची वस्ती जनगणनेने समूहात मोजली, दुसरीला असा समूह नव्हता. जनगणनेने ही हद्द घरभाड्यासाठी आखलेली नसते. नागरी वस्तीचा विस्तार समजून घेण्यासाठी ती आखलेली असते आणि त्या कामासाठी ती पुरेशी असते. वेतनाचा निकाल तिच्यावर सोपवला की तिच्यावर न पेलणारे ओझे पडते.

मुंबईच्या उत्तरेला गेल्यावर हे ओझे डोळ्यांना दिसते. बृहन्मुंबई नागरी समूहात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मीरा-भाईंदर, अंबरनाथ आणि बदलापूरही येते. त्यामुळे २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या बदलापुरातील कार्यालयाला ‘एक्स’ वर्गाचा भत्ता आहे. पश्चिम रेल्वेवर मात्र भाईंदर स्थानक सुटून गाडी खाडीपूल ओलांडून नायगावला पोहोचली की वर्ग बदलतो, कारण वसई-विरार ही वेगळी नोंद आहे आणि तिची २०११ची लोकसंख्या १२ लाख २२ हजार असल्याने ती ‘वाय’ ठरते. ठाण्याला खेटून असलेली भिवंडीही अशीच वेगळी नोंदली गेल्याने ‘वाय’मध्ये आहे.

इथे आणखी एक नियम लक्षात घ्यावा लागतो. भत्त्याचा दर कर्मचारी राहतो कुठे यावर नव्हे, तर त्याचे कामाचे ठिकाण कुठे आहे यावर ठरतो. विरारला राहून भाईंदरच्या कार्यालयात जाणाऱ्याला मूळ वेतनाच्या ३० टक्के मिळतात, आणि भाईंदरला भाड्याने राहून वसईच्या कार्यालयात जाणाऱ्याला २० टक्के. सकाळी एकाच पुलावरून विरुद्ध दिशांना जाणारे हे दोन सहकारी आहेत. ज्याचे भाडे बहुधा जास्त, त्याचा भत्ता कमी. कामाच्या ठिकाणाचा नियम प्रशासनाच्या दृष्टीने सोयीचा आहे, कारण प्रत्येकाच्या राहत्या पत्त्याची पडताळणी करत बसणे शक्य नाही. तो बदलावा असे मी म्हणत नाही. पण एकाच लोकलच्या मार्गावर, एकाच घरबाजारात दोन वर्ग ठेवले, तर या नियमातून अशी उलटी उत्तरे निघत राहणार.

वसई-विरारच्या इतिहासात हद्दीच्या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे. २००१ मध्ये तिथे विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई अशा चार नगरपालिका होत्या आणि त्यांपैकी एकही पाच लाखांच्या जवळपास नव्हती. २००९ मध्ये त्या आणि भोवतालची गावे मिळून महापालिका झाली. २०११ मध्ये त्या हद्दीची एकत्र मोजणी झाली आणि ‘झेड’ची ‘वाय’ झाली. लोकसंख्या खूप वाढली होती हे खरेच आहे, पण चार नगरपालिका वेगवेगळ्या राहिल्या असत्या आणि समूह म्हणूनही धरल्या गेल्या नसत्या, तर तीच माणसे आणि तीच घरे असूनही वर्गाचा निकाल काय लागला असता, हा प्रश्न उरतो. नगरविकास खात्याने महापालिका केव्हा स्थापावी, यावर केंद्रीय कर्मचाऱ्याचा भत्ता अवलंबून राहावा, असे वर्गीकरण करणाऱ्यांच्या मनात नक्कीच नसणार.

हद्दी आणि वास्तव जुळत नाहीत, हे शासनाला ठाऊक नाही असेही नाही. १९६५ पासून चालत आलेल्या घरभाडे भत्त्याच्या सर्वसाधारण आदेशांत एक तरतूद आहे. वर्गीकृत शहराच्या महापालिका हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत विमानतळ, वेधशाळा किंवा केंद्राचे अन्य कार्यालय असेल, मध्ये दुसरी नगरपालिका किंवा छावणी नसेल, आणि धान्य, दूध, भाजीपाला, इंधन यांसाठी ते ठिकाण त्या शहरावर अवलंबून आहे असा जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना शहराचा दर देता येतो. हा दाखला तीन वर्षे चालतो. शहराची हद्द कागदावर जिथे संपते तिथे त्याचा प्रभाव संपत नाही, हे या तरतुदीने साठ वर्षांपूर्वीच मान्य केले.

दिल्लीच्या बाबतीत तर त्याहून पुढचे पाऊल टाकले आहे. फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडा आणि गुरुग्राम ही शहरे दिल्लीच्या नागरी समूहात नाहीत, ती दुसऱ्या राज्यांत आहेत आणि त्यांपैकी एकाचीही लोकसंख्या पन्नास लाख नाही. तरीही विशेष आदेशाने तिथे दिल्लीचा, म्हणजे ‘एक्स’ वर्गाचा दर दिला जातो. पंचकुला आणि मोहालीला चंदीगडचा दर आहे. गोव्यात पाच लाखांचे एकही शहर नसताना ‘वाय’चा दर आहे. जुलै २०१७ च्या आदेशानेही हे विशेष दर पुढील आदेशापर्यंत चालू ठेवले. या सवलतींबद्दल मला कोणतीही असूया नाही, त्या समर्थनीयच आहेत. मात्र ज्या तर्काने नोएडा दिल्लीसोबत जाते, त्याच तर्काने वसई-विरार आणि भिवंडी मुंबईसोबत का जात नाहीत, याचे उत्तर लोकसंख्येच्या निकषात सापडत नाही. विशेष आदेश मागणीवरून निघतात, आणि मागणी करणाऱ्यांची ताकद सगळीकडे सारखी नसते. म्हणून हा प्रश्न सवलतीचा न ठेवता नियमाचा करायला हवा.

इथे कोणी म्हणेल की लोकसंख्या सोडून थेट घरभाडेच का मोजू नये. ही सूचना वरवर अगदी सरळ वाटते, पण तिच्यात अडचणी आहेत. कामगार ब्युरो औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाकरिता देशातील ८८ केंद्रांवर दर सहा महिन्यांनी घरभाड्याची पाहणी करतो. पण निर्देशांक सांगतो तो बदल. २०१६ हे पायाभूत वर्ष शंभर धरून त्याच शहरातील भाडे किती वाढले ते त्यातून कळते. सोलापूरचा घरभाडे निर्देशांक मुंबईपेक्षा वर गेला, तर सोलापुरात भाडे मुंबईपेक्षा जास्त आहे असा त्याचा अर्थ होत नाही. शहराशहरांची तुलना करायची तर भाड्याची पातळी मोजावी लागेल, घराचा आकार, वय, सोयी सारख्या धराव्या लागतील, आणि बहुतेक भाडेकरार तोंडी किंवा कमी रकमेचे दाखवलेले असताना खरा आकडा मिळवावा लागेल. आणि ज्या पाहणीवर हजारो कर्मचाऱ्यांचा भत्ता ठरणार, तिच्यावर दबाव येणार हे उघड आहे.

लोकसंख्येचा निकष या बाबतीत सरस आहे. जनगणना घरभाडे भत्त्यासाठी केली जात नाही, म्हणून तिच्या आकड्यांत या कारणाने फेरफार करण्याचा मोह कमी. तो आकडा कोणालाही पाहता येतो, पडताळता येतो. मोठ्या शहरात भाडे जास्त असते हे सरासरीने खरे आहे आणि वर्गीकरणाला सरासरी पुरेशी असते. लोणावळ्यासारख्या लहान पण महाग ठिकाणांवर अन्याय होतो हे मान्य करूनही, सगळ्यांना समजणारा निकष सोडून देण्याची किंमत त्याहून मोठी आहे, असे मला वाटते. त्यामुळे निकष ठेवावा आणि त्याची अंमलबजावणी दुरुस्त करावी, हीच दिशा मला योग्य वाटते.

अंमलबजावणीतील पहिली दुरुस्ती म्हणजे जनगणना लांबली तर काय करायचे, याचा नियम आदेशातच असावा. मी सुचवीन तो नियम साधा आहे. शेवटच्या मोजणीला दहा वर्षे पूर्ण झाली आणि नवे आकडे आले नाहीत, तर प्रत्येक शहराची आधीच्या दशकातील वाढ काढावी, तिच्या निम्मी वाढ धरून पुढची लोकसंख्या काढावी, आणि एवढ्या सावध अंदाजानेही जे शहर उंबरठा ओलांडते त्याला तात्पुरता वरचा वर्ग द्यावा. प्रत्यक्ष आकडे आल्यावर तो कायम करावा किंवा पुढील काळासाठी मागे घ्यावा, पण दिलेल्या रकमेची वसुली करू नये.

ही कसोटी सरसकट सगळ्यांना वर चढवणारी नाही, हे तपासून पाहता येते. जळगावची वाढ २५ टक्के, निम्मी साडेबारा. २०२१ साठीचा अंदाज सुमारे ५ लाख १८ हजार येतो, म्हणजे जळगाव उत्तीर्ण. अकोला २००१ मध्ये ४ लाखांच्या घरात होते आणि २०११ मध्ये ४ लाख २६ हजार. वाढ जेमतेम सहा टक्के, निम्मी तीन टक्के, आणि अंदाज ४ लाख ३९ हजार, म्हणून अकोला ‘झेड’मध्येच राहते. लातूर दशकात २७-२८ टक्के वाढले, पण सुरुवातच ३ लाख ८३ हजारांपासून असल्याने अंदाज ४ लाख ३६ हजारांच्या पुढे जात नाही. सुरतेची निम्मी वाढ धरली तरी साठ लाख होतात. महाराष्ट्रातील या तीन शहरांपैकी एकच वर जाते आणि तेही असे, ज्याच्याबद्दल फारशी शंका घेता येत नाही. खर्चाचा बोजा वाढेल हे खरे, पण तो मर्यादित आणि आधी मोजता येण्याजोगा आहे. शिवाय जनगणना वेळेवर झाली असती, तर हा खर्च शासनाला करावाच लागला असता. मोजणी झाली नाही म्हणून वाचलेला पैसा ही बचत मानता येणार नाही, कारण तेवढे भाडे कर्मचाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरलेले आहे.

दुसरी दुरुस्ती हद्दीबद्दल. पाच लाखांच्या किंवा पन्नास लाखांच्या अलीकडे असलेल्या प्रत्येक शहराची लोकसंख्या महापालिका आणि सलग नागरी वस्ती अशा दोन्ही पद्धतींनी मोजून जी जास्त असेल ती धरावी, म्हणजे एका शहराला समूह मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, असा भेद उरणार नाही. आणि एखादी महापालिका ‘एक्स’ वर्गाच्या समूहाला उपनगरी रेल्वेने जोडलेली असेल, तिथून रोज मोठ्या प्रमाणात कामासाठी ये-जा होत असेल, तर दिल्लीभोवतीच्या शहरांना मिळतो तो दर तिलाही नियमाने मिळावा. कामासाठीच्या प्रवासाची माहिती २०११च्या जनगणनेत विचारली गेली होती, म्हणजे हे मोजण्याजोगे आहे. मात्र या दुसऱ्या दुरुस्तीला पहिलीपेक्षा जास्त विरोध होईल, कारण इथे फक्त तारीख बदलत नाही, नव्या शहरांची भर पडते. तरीही ती करण्याजोगी आहे.

नव्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी २०२५च्या अखेरीस गोठवल्या गेल्या. त्यामुळे २०२७च्या मोजणीत कोणते शहर किती मोठे दिसणार, याची चौकट ठरून गेली आहे. दुसरीकडे आठव्या वेतन आयोगाची स्थापना नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली असून त्याला अहवालासाठी अठरा महिने दिलेले आहेत. म्हणजे आयोगाचा अहवाल आणि जनगणनेची मोजणी २०२७च्या पूर्वार्धात एकमेकांच्या आसपास येतील, पण शहरनिहाय आकडे आयोगाच्या हातात वेळेवर असतीलच असे नाही. आयोगाने दर किती टक्के असावेत एवढेच सांगून वर्गीकरणाचा विषय वित्त मंत्रालयाच्या पुढच्या आदेशावर सोडला, तर नवे वेतन आणि जुनी लोकसंख्या अशी जोडी पुन्हा काही वर्षे चालेल. वाढलेल्या मूळ वेतनावर दहा आणि वीस टक्क्यांमधील अंतर रुपयांत आणखी मोठे झालेले असेल.

म्हणून कर्मचारी संघटनांनी आयोगापुढील निवेदनांत दराच्या मागणीइतकाच जोर एका वाक्यावर द्यावा. नवीन वर्ग आदेशाच्या तारखेपासून किंवा शासनाला सोयीच्या एप्रिलपासून लागू न होता जनगणनेच्या संदर्भ दिनांकापासून, म्हणजे १ मार्च २०२७ पासून लागू होतील, असे ते वाक्य असावे. त्या दिवशी ज्या शहरात पाच लाख माणसे राहत असल्याचे शासनाच्याच मोजणीत सिद्ध होईल, तिथल्या कर्मचाऱ्याला त्या दिवसापासून पाच लाखांच्या शहराचा भत्ता नाकारण्याचे कारण शासनाकडे उरत नाही. आदेश निघायला वर्ष-दोन वर्षे लागली, तरी थकबाकी देता येते. २०१५च्या आदेशाने मागील तारखेपासून फरक दिलाच होता.